सहा वाफ्यांतून जाणारी रेषा

इंग्लंडमध्ये हार्पेंडन गावाजवळ रोथॅमस्टेड नावाचे कृषी संशोधन केंद्र आहे. तिथल्या ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हावर खतांचा प्रयोग चालू आहे. शेताच्या एका पट्ट्याला खत नाही, दुसऱ्याला थोडा नत्र, तिसऱ्याला त्याहून जास्त, असे करत दरवर्षी उत्पन्न मोजले जाते. १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर हा तरुण गणिती तिथे रुजू झाला. साठाहून अधिक वर्षांचे आकडे वह्यांत साचले होते. त्यांतला खरा बदल किती आणि त्या-त्या वर्षीच्या हवामानाची लहर किती, हे वेगळे काढणे हे त्याचे पहिले मोठे काम ठरले. १९२१ च्या निबंधात त्याने त्यासाठी पाचव्या घाताची बहुपदी वापरली.

आज संगणकाला आकड्यांवरून शिकवणारा प्रत्येक जण ज्या अडचणीशी झगडतो, ती याच कामात दडलेली आहे. आकड्यांतले किती खरे मानायचे आणि किती सोडून द्यायचे? कमी मानले तर त्या चुकीला अंडरफिटिंग म्हणतात, जास्त मानले तर ओव्हरफिटिंग. या दोन चुकांमागे दोन वेगळी कारणे आहेत, बायस आणि व्हेरियन्स. त्यांतले एक कमी करायला गेले की दुसरे सहसा वाढते. हे नुसत्या शब्दांत सांगितले तर पटल्यासारखे वाटते, पण हाती फारसे लागत नाही. म्हणून आपण एक छोटा प्रयोग घेऊ आणि त्याचा पूर्ण हिशेब मांडू. कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही तो तपासता येईल.

समजा गव्हाचे सहा वाफे आहेत. पहिल्याला नत्र अजिबात दिले नाही. पुढच्यांना हेक्टरी ४०, ८०, १२०, १६० आणि २०० किलो या हिशेबाने दिले. हे आकडे मी समजावण्यासाठी तयार केले आहेत आणि तसे करण्याचा एक मोठा फायदा आहे. खऱ्या शेतात निसर्गाचा नियम कुणालाच ठाऊक नसतो. इथे तो मला ठाऊक आहे, त्यामुळे कोणते गणित सत्याच्या किती जवळ गेले ते मोजता येते. नियम असा आहे:

y = 20 + 12x − 1.5x²

इथे x म्हणजे ४० किलोंचे किती हप्ते दिले ते आणि y म्हणजे हेक्टरी किती क्विंटल गहू आला ते. खताशिवाय २० क्विंटल, मग उत्पन्न वाढत जाते, १६० किलोंना ४४ क्विंटलांवर पोचते आणि तिथून उतरू लागते. नत्र जास्त झाले की गहू माजतो, लोळतो, दाणा भरत नाही. कृषितज्ज्ञ खताच्या प्रयोगांत दुसऱ्या घाताचे असेच समीकरण फार पूर्वीपासून वापरत आले आहेत, तेव्हा उदाहरण अगदीच हवेतले नाही.

पण शेतात नियम कधी नियमासारखा दिसत नाही. एका वाफ्यात पाणी जास्त साचते, दुसऱ्यात उंदीर लागतात, तिसऱ्याची माती हलकी निघते. म्हणून प्रत्येक वाफ्याचे उत्पन्न नियमापेक्षा साधारण दोन-एक क्विंटल इकडेतिकडे होते असे धरू. पहिल्या हंगामात शेतकऱ्याच्या हाती आलेले आकडे, शून्यापासून २०० किलोंपर्यंत क्रमाने, असे होते: २१, २९, ४०, ४१, ४६, ४१.

यापुढे खरा नियम आपण विसरून जाऊ. आपल्याजवळ एवढे सहाच आकडे आहेत.

सगळ्यात साधा विचार म्हणजे सरळ रेषा. सहाही बिंदूंना शक्य तितकी जवळ जाणारी रेषा काढायची आणि जवळ म्हणजे काय हे चुकांच्या वर्गांची बेरीज करून ठरवायचे. फ्रेंच गणिती लजांद्रने १८०५ मध्ये प्रसिद्ध केलेली ही लघुतम वर्गांची पद्धत आजही जगभर चालते. आपल्या आकड्यांवर ती लावली तर रेषा २५.५ क्विंटलांपासून सुरू होते आणि दर ४० किलोंमागे ४.३ क्विंटल चढते. आता प्रत्यक्ष उत्पन्नातून रेषेचा अंदाज वजा करू. क्रमाने उरते: −४.५, −०.८, +५.८, +२.५, +३.२, −६.२.

या उरलेल्या आकड्यांची चिन्हे पाहा. आधी वजा, मधे सगळे अधिक, शेवटी पुन्हा वजा. उंदरांनी आणि पाण्याने केलेला गोंधळ इतका शिस्तीत येत नाही. चुकांमध्ये असा आकार दिसला की समजावे, आकड्यांत अजून काहीतरी आहे आणि आपल्या रेषेला ते पकडता येत नाही. हे अंडरफिटिंग. त्याचा परिणामही नुसता कागदावरचा नाही. सरळ रेषा उतरू शकत नाही, त्यामुळे ती शेतकऱ्याला सांगते की नत्र वाढवत राहा, गहू वाढत राहील. २४० किलोंना तिचा अंदाज आहे ५१.५ क्विंटल. खरा नियम सांगतो ३८.

मग रेषेला वळू द्यायचे. समीकरणात x चा वर्ग घातला की एक वळण मिळते, घन घातला की दोन. असे चढत गेले तर पाचव्या घाताला चार वळणे घेण्याची मोकळीक असते. अशा समीकरणात सहा गुणक असतात आणि आपल्याजवळ बिंदूही सहा. त्यामुळे पाचव्या घाताचा वक्र सहाही बिंदूंमधून अचूक जातो. चूक शून्य.

या शून्याने भलेभले फसतात. दोन वाफ्यांच्या मधे हा वक्र काय म्हणतो ते तपासा. १० किलो नत्राला त्याचा अंदाज १९.४ क्विंटल आहे, म्हणजे अजिबात खत न देण्यापेक्षाही कमी. १८० किलोंना तो ४८.२ क्विंटलांची शेंडी काढतो, जिथे खरे उत्पन्न ४३.६ आहे. आणि २४० किलोंना त्याचे उत्तर आहे उणे ७१ क्विंटल. उणे उत्पन्न नावाची गोष्ट शेतात नसते. पण वक्राला शेत ठाऊक नाही, त्याला सहा आकडे ठाऊक आहेत. पाणी, उंदीर आणि हलकी माती यांनी केलेला गोंधळही त्याने निसर्गाचा नियम समजून वाकवून-वाकवून बसवला आहे. हे ओव्हरफिटिंग.

मधला मार्ग दुसऱ्या घाताचा. त्याचा वक्र कोणत्याच बिंदूतून नेमका जात नाही, प्रत्येक ठिकाणी पाऊण ते दोन क्विंटल चुकतो. त्या चुकांची चिन्हे मात्र अधिक, वजा, अधिक, वजा अशी विस्कटलेली आहेत आणि त्यांत उरलेला आकार दिसत नाही. खऱ्या नियमाशी ताडून पाहिले तर सहापैकी कुठेही तो ०.६ क्विंटलांपेक्षा जास्त दूर नाही. सर्वाधिक उत्पन्न किती नत्राला येईल, याचे त्याचे उत्तर १५५ किलो. खरे उत्तर १६०.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेक ठिकाणी सांगितली जाते आणि इथेच थांबते. अंडरफिटिंग आणि ओव्हरफिटिंग म्हणजे काय ते कळते, पण ते का होते हे कळत नाही. त्यासाठी आणखी एक हंगाम पाहावा लागतो.

दुसऱ्या वर्षी तेच शेत, तेच वाफे, खताच्या त्याच मात्रा. निसर्गाचा नियम बदललेला नाही, फक्त लहर बदलली आहे. या वेळी आकडे आले १९, ३२, ३९, ४४, ४३, ४४. तिन्ही गणिते पुन्हा केली आणि २४० किलोंचा अंदाज पुन्हा विचारला.

सरळ रेषा गेल्या वर्षी ५१.५ म्हणाली होती, या वर्षी ५३.१ म्हणते. दुसऱ्या घाताचा वक्र गेल्या वर्षी ३६.७ म्हणाला होता, या वर्षी ३७.८. आणि पाचव्या घाताचा, जो गेल्या वर्षी उणे ७१ म्हणाला होता, तो या वर्षी म्हणतो अधिक ८७.

सरळ रेषा दोन्ही वर्षी जवळपास एकच गोष्ट सांगते आणि दोन्ही वर्षी एकाच दिशेने चुकते. असे हजार हंगाम घेतले, हजार रेषा काढल्या आणि त्यांची सरासरी केली, तर २४० किलोंना ती बरोबर ५२ क्विंटल येते. खऱ्यापेक्षा १४ ने जास्त, आणि कितीही हंगाम वाढवले तरी ते १४ कमी होत नाहीत. सरासरी घेऊनही न जाणारी ही चूक म्हणजे बायस. गणित करणाऱ्याने आधीच धरलेल्या गृहीताची ती चूक आहे. आपण रेषा सरळच असेल असे मानले होते.

पाचव्या घाताचे उलटे आहे. हजार हंगामांची सरासरी घेतली तर त्याचा अंदाज ३८ च्या आसपास येऊन बसतो. त्यात बायस अजिबात नाही. पण आपल्या आयुष्यात हजार हंगाम येत नाहीत, हाती एकच येतो, आणि त्या एका हंगामात हा वक्र कुठेही भिरकावला जातो. आकडे थोडे बदलले की अंदाज किती बदलतो, याचे माप म्हणजे व्हेरियन्स. आपल्या उदाहरणात ते मोजताही येते. सहा बिंदूंवरून सातव्याचा अंदाज करताना पाचव्या घाताचा वक्र प्रत्येक वाफ्याच्या उत्पन्नाला ६, १५, २० अशा मोठ्या आकड्यांनी गुणतो आणि आलटून-पालटून मिळवतो, वजा करतो. परिणामी वाफ्यातला २ क्विंटलांचा गोंधळ २४० किलोंच्या अंदाजात ६० क्विंटलांचा होतो. दुसऱ्या घाताच्या वक्रात तोच गोंधळ साडेतीन क्विंटलांच्या आसपास राहतो. म्हणून उणे ७१ आणि अधिक ८७ या उत्तरांमध्ये नवल काही नाही. त्या यंत्रणेकडून तेवढीच अपेक्षा आहे.

आता हिशेब. एखादे गणित पुढच्या हंगामात सरासरी किती चुकेल, ते चुकांच्या वर्गांत मोजू. वर्ग यासाठी की अधिक आणि वजा चुका एकमेकींना खाऊन टाकू नयेत. ही एकूण चूक तीन भागांत स्वच्छ फोडता येते: बायसचा वर्ग, व्हेरियन्स आणि निसर्गाची स्वतःची लहर. १९९२ मध्ये गेमन, बिएननस्टॉक आणि दुर्सा या तिघांनी न्यूरल नेटवर्कवरच्या एका निबंधात हीच फोड करून दाखवली आणि तेव्हापासून ती संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात रुळली.

लहरीचा भाग कुणालाच टाळता येत नाही. दोन क्विंटलांचा वर्ग ४, तो प्रत्येक गणिताच्या माथी आहेच.

व्हेरियन्सचा नियम आश्चर्य वाटावे इतका सरळ आहे. त्याच सहा मात्रांवर सरासरी काढली, तर समीकरणातल्या प्रत्येक गुणकाची किंमत ठरलेली असते: लहरीचा वर्ग भागिले बिंदूंची संख्या. आपल्याकडे ४ भागिले ६, म्हणजे ०.६७. सरळ रेषेला दोन गुणक, किंमत १.३३. दुसऱ्या घाताला तीन, किंमत २. पाचव्या घाताला सहा, किंमत ४. गुणक उपयोगाचा असो की निरुपयोगी, किंमत तेवढीच.

त्या किमतीच्या बदल्यात काय मिळते? सरळ रेषेच्या बायसचा वर्ग या सहा मात्रांवर सरासरी १४ येतो. x चा वर्ग घालण्यासाठी आपण ०.६७ मोजले आणि ते १४ पूर्ण गेले. हा सौदा फार चांगला झाला. त्यानंतर घन घालण्यासाठी पुन्हा ०.६७ मोजले, पण आता घालवायला काही उरलेच नव्हते. चौथ्या आणि पाचव्या घाताचेही तसेच. एकूण चूक सरळ रेषेला १९.३, दुसऱ्या घाताला ६, तिसऱ्याला ६.७, चौथ्याला ७.३ आणि पाचव्याला ८. आधी झपाट्याने उतार, मग हळू चढ. बायस-व्हेरियन्सच्या ओढाताणीचे पुस्तकांतले प्रसिद्ध चित्र ते हेच.

आता हाच हिशेब गणित ज्या आकड्यांवर बसवले त्याच आकड्यांवर पाहू. तिथली सरासरी चूक सरळ रेषेला १६.७, दुसऱ्या घाताला २, तिसऱ्याला १.३, चौथ्याला ०.७ आणि पाचव्याला शून्य. ती फक्त उतरत जाते आणि कधीच थांबा म्हणत नाही. ज्या आकड्यांवर शिकवले त्यांच्यावरच परीक्षा घेतली तर सगळ्यात वाकडा वक्र नेहमीच पहिला येतो. बाहेर मात्र तो तितकाच महाग पडतो.

खऱ्या कामात हा हिशेब असा करता येत नाही, कारण खरा नियम ठाऊक नसतो आणि बायस मोजायला तो लागतो. मग ओळखायचे कसे? एक वाफा झाकून ठेवायचा. उरलेल्या पाचांवर गणित बसवायचे आणि झाकलेल्याचे उत्पन्न विचारायचे. पहिल्या हंगामातला २०० किलोंचा वाफा झाकला तर सरळ रेषा म्हणते ५४, दुसऱ्या घाताचा वक्र म्हणतो ४६. पाच बिंदूंतून नेमका जाणारा चौथ्या घाताचा वक्र म्हणतो ९६. प्रत्यक्षात तिथे ४१ क्विंटल पिकले होते.

असे एकेक करत सहाही वाफे झाकून पाहायचे आणि चुकांच्या वर्गांची सरासरी काढून वर्गमूळ घ्यायचे. सरळ रेषेची चूक येते ७.५ क्विंटल, दुसऱ्या घाताची ३.६ आणि चौथ्या घाताची ३२.५. झाकल्याशिवाय मोजले असते तर चौथ्या घाताची चूक १.४ आणि दुसऱ्या घाताची १.६ निघाली असती, म्हणजे निवड उलटी झाली असती. निसर्गाचा नियम न पाहता, निव्वळ सहा आकड्यांवरून योग्य घात सापडला. या रीतीला क्रॉस-व्हॅलिडेशन म्हणतात. तिची एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी: ती झाकलेल्या वाफ्यासारख्याच परिस्थितीतली चूक सांगते. २४० किलोंचा वाफा प्रयोगातच नव्हता, त्याबद्दल ती हमी देत नाही.

या हिशेबातून एक निष्कर्ष निघतो. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि अनेकांना तो पटकन पचत नाही. योग्य घात म्हणजे निसर्गाचा खरा घात, असे नाही. आपल्या शेताचा नियम दुसऱ्या घाताचा आहे हे मला पक्के ठाऊक आहे. पण समजा वाफ्यातला गोंधळ २ ऐवजी १० क्विंटलांचा असता. मग लहरीचा वर्ग १०० आणि एका गुणकाची किंमत १०० भागिले ६, म्हणजे १६.७. तेवढे मोजून आपण बायसचे १४ घालवले असते. सौदा तोट्याचा. सव्वानऊ क्विंटलांच्या आसपास ही सीमा येते. त्यापलीकडे, नियम वळणारा आहे हे माहीत असूनही, या सहा मात्रांवरचा पुढचा अंदाज सरळ रेषेचाच सरासरीने जास्त बरोबर येईल. चुकीच्या गृहीताची चूक खरी असते, पण ती मर्यादित असते. गोंधळलेल्या आकड्यांवरून वळण शोधायला गेले तर जे वळण सापडते ते बरेचदा गोंधळाचेच असते.

याची दुसरी बाजू फिशरच्या कामात दिसते. त्यानेही पाचवाच घात वापरला होता, जो आपल्याकडे इतका भिरभिरला. फरक असा की त्याच्याकडे सहा गुणकांसाठी साठाहून अधिक वर्षांचे आकडे होते. गुणकाची किंमत बिंदूंच्या संख्येने भागली जाते, तेव्हा त्याला प्रत्येक गुणक आपल्या दशांशाहून कमी वाट्यात पडत होता. शिवाय त्याला शंभर वर्षांपुढचे भाकीत करायचे नव्हते, हाती असलेल्या काळातला संथ बदल वेगळा काढायचा होता. म्हणून एखादा वक्र फार वाकडा आहे की नाही, याचे उत्तर नुसत्या घातावरून देता येत नाही. आकडे किती, गोंधळ किती आणि अंदाज कुठला हवा, हे कळल्याशिवाय त्या प्रश्नाला अर्थ नाही.

आपल्या शेतकऱ्याने प्रत्येक मात्रेचे चार-चार वाफे लावले असते तर बिंदू २४ झाले असते. सहाही मात्रांवर सरासरी धरली तर पाचव्या घाताचे व्हेरियन्स ४ वरून १ वर आले असते. सरळ रेषेचे १४ मात्र तसेच राहिले असते. जास्त आकडे व्हेरियन्सवर औषध आहेत, बायसवर नाहीत. तुमचे गणित शिकलेल्या आकड्यांवरच वाईट चुकत असेल, तर आणखी आकडे गोळा करण्यात पैसा घालू नका, गृहीत बदला. शिकलेल्या आकड्यांवर उत्तम आणि झाकलेल्यांवर वाईट असेल, तर आणखी आकडे आणा, नाहीतर घात उतरवा.

अंदाज आकड्यांच्या बाहेर नेण्याचा धोका कागदी नाही. ५ मे २०२० रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने कोविडच्या मृत्यूंचा आलेख प्रसिद्ध केला. त्यावर तिसऱ्या घाताची बसवलेली एक तुटक रेषा होती आणि ती मे महिन्याच्या मध्यावर जवळजवळ शून्याला टेकत होती. आकडे नीट दिसावेत म्हणून वक्र बसवल्याचे परिषदेने म्हटले होते, पण रेषा पुढच्या तारखांवरही काढलेली होती. मे संपण्यापूर्वी त्या देशातल्या मृत्यूंनी एक लाखाचा आकडा ओलांडला. तिसऱ्या घाताच्या वक्राला साथ म्हणजे काय ते ठाऊक नसते. चढून उतरू लागलेल्या आकड्यांवर बसवला की शेवटच्या बिंदूपलीकडे तो बरेचदा आणखी वेगाने खालीच जातो, मग लोक बरे होवोत की न होवोत.

सगळीच यंत्रे याच हिशेबाने चालतात असे मात्र नाही. २०१९ मध्ये मिखाईल बेल्किन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की गुणकांची संख्या बिंदूंच्या संख्येच्या खूप पलीकडे नेली तर काही वेळा बाहेरची चूक वर जाऊन पुन्हा उतरते. आजची प्रचंड न्यूरल नेटवर्क का चालतात, याच्या उत्तराचा तो एक भाग आहे. तिथे बिंदूंतून जाणाऱ्या असंख्य वक्रांपैकी शिकवण्याची पद्धत स्वतःच त्यातल्या त्यात सौम्य वक्र निवडते. आपल्या सहा वाफ्यांच्या पाचव्या घाताला तशी निवड नसते, कारण सहा बिंदूंतून जाणारा पाचव्या घाताचा वक्र एकच असतो. घरच्या संगणकावर एक्सेलमध्ये `Trendline` काढताना `Polynomial` निवडले तर `Order` २ पासून ६ पर्यंत चढवता येते, आणि आपला हिशेब तिथे जसाच्या तसा लागू होतो. घात वाढवताना शेजारी दिसणारा R² वाढतच राहतो. तो वाढला म्हणून घात वाढवू नका.

सहा वाफ्यांच्या त्या शेतकऱ्याला मी सांगेन: दुसऱ्या घाताचा वक्र घ्या आणि १५५ किलोंच्या आसपास थांबा. २४० किलोंबद्दल या प्रयोगावरून काहीच ठरवू नका, आणि पुढच्या वर्षी चार पैसे हाती असतील तर ते प्रत्येक मात्रेचे आणखी तीन वाफे लावण्यात घाला.